डब्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलंय म्हणजे फोन पडला तरी चालतो का? डिलिव्हरीवाल्यांसाठी आणि साईटवाल्यांसाठी

आमचं दुकान सांगलीत, विश्रामबागेच्या बाजूला, मोबाईल रिपेअरिंगचं. काउंटरवर फुटलेले फोन येतात त्यात दोन प्रकारची गिऱ्हाइकं कायम असतात, एक म्हणजे जेवण नाहीतर पार्सल पोचवणारी पोरं आणि दुसरी म्हणजे बांधकामावरची, सेंट्रिंगवाले, गवंडी, सुपरवायझर, कुपवाड एमआयडीसीत शेड उभारणारे फॅब्रिकेशनवाले. हल्ली ही सगळी माणसं एकच प्रश्न विचारतात, की ते मिलिटरी ग्रेड फोन आलेत ते घेऊ का. आणि खरं सांगायचं तर "हो" किंवा "नको" असं एका शब्दात सांगता येत नाही, कारण डब्यावर जे छापलेलं असतं ते खोटं नसतं, पण ते कुठं आणि कसं मोजलंय हे कुणी सांगत नाही. तेवढंच आज सांगतो.

आधी ते पडण्याचं बघू, कारण सगळा गोंधळ तिथंच आहे.

डब्यावर लिहिलेलं असतं मिल-एसटीडी-८१०एच. हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं एक जाडजूड मॅन्युअल आहे, यातली 'जी' आवृत्ती २००८ ची आणि 'एच' आवृत्ती २०१९ ची. त्यात उष्णता, थंडी, पाऊस, धूळ, हादरे, मिठाचा फवारा, उंचावरचा कमी दाब अशा बऱ्याच वेगवेगळ्या चाचण्या कशा घ्यायच्या ते दिलंय. पडण्याची चाचणी ही त्यातली एक. आता मजा अशी की अमेरिकेचं ते खातं कुठल्याही फोनला सर्टिफिकेट देत नाही, शिक्का मारत नाही, तपासतही नाही. कंपनी स्वतः किंवा एखाद्या लॅबकडनं चाचणी करून घेते आणि "या मॅन्युअलप्रमाणे टेस्ट केलंय" असं लिहिते. आणि मॅन्युअलमध्येच म्हटलंय की आपल्या वस्तूचा वापर कसा होणार त्याप्रमाणे चाचण्या निवडा. म्हणजे एखाद्या कंपनीनं त्यातल्या चारच चाचण्या घेतल्या तरी ती ८१०एच लिहू शकते, आणि त्या चारात पडण्याची असेलच असंही नाही. म्हणून नुसतं ८१०एच वाचून काहीच कळत नाही. २०२४ मध्ये मोटोरोलाचा एज ५० आला, चांगला सडपातळ, खिशात नाजूक दिसणारा फोन, त्यालाही हे रेटिंग आहे. फोन वाईट नाहीच, पण हे रेटिंग असलं म्हणजे फोन रबराच्या ठोकळ्यासारखा जाड असतो ही समजूत डोक्यातनं काढा.

पडण्याची चाचणी घेतली असेल तर ती साधारण अशी असते. फोन ४८ इंचावरनं, म्हणजे १२२ सेंटीमीटरवरनं सोडायचा, उभ्या माणसाच्या छातीच्या जरा खालची उंची धरा. एकूण २६ वेळा टाकायचा. २६ का, तर चौकोनी वस्तूला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे, सगळ्यांची बेरीज २६, प्रत्येकावर एकदा. ऐकायला भारी वाटतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, हे २६ वेळा टाकणं पाच फोनांमध्ये वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एका फोनच्या वाट्याला पाच-सहाच वेळा पडणं येऊ शकतं. दुसरी, फोन कशावर पडतो. कित्येक कंपन्या ज्याच्यावर टाकतात ती म्हणजे काँक्रीटवर ठेवलेली दोन इंच जाडीची प्लायवूडची फळी. सपाट, गुळगुळीत फळी. आता आपल्याकडं मिरज रोडच्या कडेला, किंवा स्लॅबखाली टाकलेल्या वीस एमएमच्या खडीवर फोन पडला तर तिथं कुणी प्लायवूड अंथरलेलं नसतं.

आणि काच फुटण्यात सगळा खेळ ह्याच गोष्टीचा आहे. सपाटावर फोन पडला की धक्का पसरतो. त्यात रगेड, म्हणजे मुद्दाम दणकट बनवलेल्या फोनला स्क्रीनभोवती जी उंच कड असते, ती आधी टेकते आणि काच जमिनीला लागतच नाही. पण खडीचा एक टोकदार दगड त्या कडेच्या आत शिरला तर सगळा धक्का एका टोकावर, आणि काच तिथनंच तडकते. मी बघितलेल्या बऱ्याच साईटवरच्या फोनांत तडा असा एका ठिपक्यापासनं सुरू झालेला असतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा, आणि मालक म्हणतो "अहो एवढ्याशा उंचीवरनं पडला". उंचीचा दोष नसतो त्यात, दगडाचा असतो.

उंचीचाही हिशेब बघून घ्या, सोपा आहे. १२२ सेंटीमीटरवरनं पडलेला फोन जमिनीला टेकताना साधारण ताशी साडेसतरा किलोमीटर वेगात असतो. पहिल्या मजल्याच्या पहाडावरनं, म्हणजे परांचीवरनं, तीन मीटर उंचीवरनं पडला तर वेग होतो ताशी २७-२८. वेग दीडपटच झाला असं वाटेल, पण धक्क्यातली ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास अडीचपट. म्हणून "१.२ मीटर ड्रॉप टेस्टेड" हा फोन तीन मीटरवरनं पडून फुटला तर कंपनीनं फसवलं असं म्हणता येत नाही, आणि वॉरंटीत तर ते सहसा बसतच नाही, पडून फुटलेलं बहुतेक कंपन्या साध्या वॉरंटीत घेत नाहीत.

मग रबरी कोपऱ्यांचा काय उपयोग? आहे, आणि चांगला आहे. उंचावरनं उडी मारताना आपण गुडघे वाकवतो ते कशासाठी, थांबायला थोडं अंतर मिळावं म्हणून. कोपऱ्यावर पडलेला कडक फोन एखाद्या मिलीमीटरात थांबतो, रबराचा कोपरा दबत दबत तीन मिलीमीटरात थांबवतो, आणि अंतर तिप्पट झालं की झटका साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून साध्या फोनवर कोपरे फुगीर असलेलं जाड, मऊ कव्हर घातलं तर खऱ्या कामात फरक पडतो. कडक प्लास्टिकचं चकचकीत कव्हर, जे दिसायला "आर्मर" असतं, ते याच्या निम्मंही काम करत नाही. आणि कडेला वळलेल्या, कर्व्ह डिस्प्लेच्या फोनवर कव्हरची कड काचेच्या वर येतच नाही, त्यामुळं अशा कामाला तो फोन घेऊच नका, फुकट मिळाला तरी.

एक गोष्ट साईटवाल्यांना कायम सांगतो आणि ते हसतात. खिशात वाळू असते. वाळूतला क्वार्ट्झ फोनच्या काचेपेक्षा कडक असतो, तो काचेवर बारीक बारीक ओरखडे पाडतो, दिसतसुद्धा नाहीत. नंतर फोन पडला की काच त्या ओरखड्यापासनं फुटते. नवीन फोन तीनदा पडून काही झालं नाही आणि चौथ्यांदा गुडघ्याएवढ्या उंचीवरनं पडून फुटला, तर बहुतेक वेळा हे असतं. टेम्पर्ड ग्लासचा खरा फायदा हाच, ओरखडे त्याच्यावर पडतात आणि तो शंभर-दोनशेत बदलता येतो.

धूळ-पाण्याचं थोडक्यात. त्याचं रेटिंग डब्यावर वेगळं असतं, आयपी६८. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ८ म्हणजे एक मीटरपेक्षा खोल पाण्यात, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते. तेही साध्या, स्थिर, गोड्या पाण्यात, नव्या फोनवर. सर्व्हिसिंग सेंटरवर गाडी धुतात तसला प्रेशरचा पाईप त्याच्यावर मारायचा असेल तर त्याला आयपी६९ वेगळं लागतं. आणि फोन एकदा जोरात पडला, फ्रेम किंचित वाकली, किंवा कुणी तो उघडून डिस्प्ले बदलला आणि आतली सील नवी बसवली नाही, की डब्यावरचं आयपी६८ डब्यावरच राहतं. आमच्यासारख्याला डिस्प्ले बदलताना "सील टाकणार का" हे विचारा, न लाजता विचारा, बरेचजण नुसता गोंद मारून मोकळे होतात.

आता ग्लोव्हज.

फोनच्या काचेखाली बारीक तारांची जाळी असते आणि त्यात अगदी थोडा विद्युतभार असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार बोटाकडं ओढला जातो, आणि तो बदल कुठं झाला ते फोन मोजतो. म्हणजे दाबण्याचा काहीच संबंध नाही, बोट किती जवळ आहे याचा आहे. हातमोजा घातला की बोट लांब गेलं, बदल कमी झाला, फोनला वाटलं काहीच नाही. ग्लोव्ह मोड म्हणजे फोन तो छोटा बदलही मोजायला लागतो, बस. सॅमसंगच्या बऱ्याच फोनात डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी नावाचं बटण असतं, ते मुळात स्क्रीनगार्ड लावणाऱ्यांसाठी आहे पण पातळ मोज्यालाही चालतं.

चालतं म्हणजे किती? पातळ विणलेले सुती मोजे, ज्यांच्यावर रबराचे ठिपके असतात ते, बहुतेक वेळा चालतात. काँक्रीट ओततानाचे जाड रबरी मोजे नाहीतर वेल्डिंगचे चामड्याचे, त्याच्यातनं कुठलाच फोन धड चालत नाही, कंपनी काहीही म्हणो. आणि त्यात तुम्ही अर्धा मिलीमीटर जाडीचा टेम्पर्ड लावला की तेवढं अंतर अजून वाढलं. टॅप होतो पण स्वाइप तुटतो, हे डिलिव्हरीच्या पोरांना जास्त कळेल, कारण ॲपमध्ये ऑर्डर उचलली म्हणून जे बटण सरकवायचं असतं ते अर्ध्यातनं मागं येतं.

ग्लोव्ह मोडचा उलटा त्रास पावसात. फोन इतका संवेदनशील झाला की पाण्याचा थेंबही त्याला बोट वाटतो. जुलैत रेनकोटच्या खिशातनं काढलेला ओला फोन आपोआप ॲप उघडतोय, कुणालातरी फोन लावतोय, झूम होतोय, असं घेऊन पोरं येतात आणि म्हणतात टच गेला. टच गेलेला नसतो, आधी ग्लोव्ह मोड बंद करून, स्क्रीन कोरडी पुसून बघा. तरीही तसंच झालं तर मग आत पाणी किंवा डिस्प्लेचा दोष.

ज्याला खरंच जाड मोज्यात काम आहे त्यानं टचच्या नादी न लागता बटणं बघावीत. कॉल घ्यायला व्हॉल्यूमचं वरचं बटण आणि ठेवायला पॉवरचं बटण, ही सोय बऱ्याच फोनात सेटिंगमध्ये आत दडलेली असते, कुणी चालूच करत नाही. रगेड फोनाच्या बाजूला जे एक जादा बटण असतं ते याच कामाचं, एकदा दाबलं की टॉर्च, दाबून धरलं की ठरलेला नंबर, असं लावून ठेवता येतं. ओल्या सिमेंटमध्ये हात असताना मोजा काढून फोन घेणं हे फोनपेक्षा हातालाच वाईट, सिमेंट कातडी खातं.

आता आवाज. इथं जाहिरातीतला आकडा सगळ्यात जास्त फसवतो.

समजा फोनवाला सांगतो, स्पीकर शंभर डेसिबलचा आहे. विचारायचं, किती अंतरावर? ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, आणि लिहिलं असलं तर पाच-दहा सेंटीमीटर असतं. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो असा साधारण नियम धरा. दहा सेंटीमीटरवर शंभर असेल तर वीसवर ९४, चाळीसवर ८८, ऐंशीवर ८२, म्हणजे एक मीटरवर ऐंशीच्या आसपास. काँक्रीटचा मिक्सर चालू असलेल्या ठिकाणी त्याच्या जवळ उभं राहिलं तर आधीच ८५ च्या घरात आवाज असतो, ब्रेकर चालू असेल तर बोलायलाच नको. म्हणजे एक मीटरवर पाट्यावर ठेवलेला तो शंभर डेसिबलचा फोन वाजला तरी ऐकू येईलच असं नाही. कमरेला किंवा छातीच्या खिशात असला तर येईल, कारण तो कानाच्या जवळ आहे.

यावर फुकटातला उपाय आहे आणि तो कुठल्याही फोनवर चालतो. रिंगटोन बदला. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो, तो खालचे, ढोलाचे, बासचे आवाज काढूच शकत नाही, पण शिट्टीसारखा, बारीक टोकदार आवाज तो जोरात काढतो. आपला कानही साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आवाजाला सगळ्यात तिखट असतो. म्हणून देवाचं गाणं नाहीतर हलगी रिंगटोनला लावली की साईटवर ती मिसळून जाते, आणि जुन्या फोनसारखी टिर्र टिर्र बीप लावली की लांबनं कळतं. हे करून बघितल्याशिवाय लाउडस्पीकरवाला फोन घ्यायला जाऊ नका.

समोरच्याला तुमचं ऐकू येत नाही ही तक्रार वेगळी आणि तिचं कारण बऱ्याचदा कव्हर असतं. फोनला खाली एक माईक असतो आणि वर किंवा मागं कॅमेऱ्याजवळ एक बारीक भोक असतं, तो दुसरा माईक. दुसऱ्यानं आजूबाजूचा गोंगाट ऐकायचा आणि पहिल्यातनं तो वजा करायचा, असं फोन करतो. बाजारातलं दुसऱ्याच मॉडेलचं कव्हर बसवलं आणि ते भोक झाकलं गेलं की वजाबाकीचा हिशेब चुकतो, आणि समोरच्याला मिक्सरच ऐकू येतो. कव्हर काढून एक कॉल करा, फरक कळला तर कव्हर बदला, दीडशे रुपयांत काम झालं.

सिमेंटची धूळ ओल्या हवेत स्पीकरच्या जाळीवर बसली की ती घट्ट होते. मऊ, कोरड्या टूथब्रशनं बाहेरच्या बाहेर झाडा. टाचणी घालू नका. पाणी अडवणाऱ्या फोनात जाळीच्या मागं एक पातळ पडदा असतो, टाचणीनं तो फाटला की आवाज मोकळा होतो खरा, पण पाण्याला वाट होते.

आता बॅटरी, आणि इथं मी जरा बसून हिशेब करणार आहे कारण हिशेबाशिवाय हे समजत नाही.

एमएएचचा आकडा सोडा, वॅट-तास धरा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात (५ गुणिले ३.८५ व्होल्ट). आता एक डिलिव्हरीचा पोरगा धरा, सकाळी अकरा ते रात्री अकरा, मे महिना. स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, कारण उन्हात नाहीतर दिसत नाही, जीपीएस चालू, नेट चालू, नकाशा फिरतोय, अशा वेळी फोन साधारण तीन वॅट खातो. हा माझा अंदाज, फोनाफोनात कमी-जास्त होणार. बारा तासांतले सहा तास असे धरले तर सहा त्रिक अठरा. उरलेले सहा तास हॉटेलसमोर ऑर्डरची वाट बघण्यात, स्क्रीन बंद पण ॲप लोकेशन पाठवतंच आहे, अर्धा वॅट धरला तर अजून तीन. झाले २१. बॅटरीत आहेत १९. आणि त्यात मधल्या वेळेत रील बघणं मी धरलंच नाही. फोन दोन वर्षांचा झाला आणि बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर आली की १९ चे १५ होतात, मग संध्याकाळी सहा-सातलाच लाल रेघ.

आता हा पोरगा म्हणतो, दादा, दहा हजार एमएएचचा रगेड फोन घेतो. ३८ वॅट-तास, दिवस आरामात निघतो, मान्य. पण तो फोन वजनाला साध्या फोनच्या दुप्पट भरतो, हँडलच्या होल्डरवर तो खड्ड्याखड्ड्याला नाचतो, होल्डरचा स्प्रिंग ढिला होतो आणि एक दिवस तोच रस्त्यावर उडतो. तो पडला की जड वस्तू जड झटक्यानं पडते. हादऱ्याचा त्रास कॅमेऱ्यालाही आहे, ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या हँडलवरचा सततचा हादरा कॅमेऱ्यातल्या थरथर आवरणाऱ्या भागाला बिघडवू शकतो.

त्याच्यासाठी गाडीवरचा यूएसबी चार्जर स्वस्त पडतो, पण कुठला ते महत्त्वाचं. ५ व्होल्ट १ अँपिअरचा असेल तर ५ वॅट, वाटेत थोडं उष्णतेत जाऊन बॅटरीपर्यंत ४ पोचले, ३ फोननं तिथंच खाल्ले, साठायला राहिला १. म्हणजे तासभर लावून जेमतेम पाच टक्के वाढतात, टक्का हलत नाही असं जे वाटतं ते उगाच नसतं. २ अँपिअरचा असेल तर १० वॅट, पोचले ८, खाल्ले ३, साठले ५, दोन तास गाडीवर असलात तर १० वॅट-तास जमा, म्हणजे निम्मी बॅटरी. घरी तपासायचं असेल तर नकाशा चालू ठेवून, ब्राइटनेस पूर्ण करून गाडीवर अर्धा तास लावा, टक्का वाढत नसेल तर चार्जर नाहीतर केबल कमजोर. केबलचाच दोष जास्त वेळा निघतो.

पण एक अडचण राहतेच, ऊन. फोन कंपन्या वापरायचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत सांगतात, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी हवाच ४० च्या आसपास जाते, वर काळा फोन थेट उन्हात, ब्राइटनेस पूर्ण आणि चार्जिंग चालू. लिथियमची बॅटरी ४५ अंशाच्या वर चार्ज करणं तिला मानवत नाही, म्हणून शहाणा फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो, स्क्रीन मंद करतो. पोरगा म्हणतो चार्जर खराब. चार्जर खराब नसतो, फोन जीव वाचवत असतो. अशा वेळी दुपारी गाडीवर चार्ज न करता हॉटेलच्या सावलीत वाट बघताना लावणं बरं, आणि संध्याकाळनंतर गाडीवर. जे फोन उन्हात कायम तापवत चार्ज केले जातात त्यांची बॅटरी फुगते, फुगलेली बॅटरी मागचं झाकण आतनं ढकलते, चिकटवलेली सील सुटते, आणि मग पहिल्याच पावसात "आयपी६८ असून पाणी गेलं". माझ्याकडं येणाऱ्या पाणी शिरलेल्या फोनांत हे प्रकरण बऱ्यापैकी असतं. फोन टेबलावर पाठीवर ठेवून बघा, मधल्या फुगवट्यावर डुलत असेल किंवा कडेला नख जाईल एवढी फट असेल तर बॅटरी बघायची वेळ झाली. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जला लावायची नाही.

साईटवाल्याचा हिशेब वेगळा. त्याची स्क्रीन दिवसभर चालू नसते, कॉल, फोटो, व्हॉट्सॲपवर मोजमाप, एवढंच. पण चार्जिंगला पॉइंट कधी असतो, कधी नसतो, आणि असला तरी तो वेल्डिंगच्या लायनीवर, व्होल्टेज वरखाली. त्याला बॅटरी काढता येणारा फोन बरा. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत २७ हजारांच्या वर होती, त्याला आयपी६८, ग्लोव्ह टच आणि बाजूचं ते जादा बटण सगळं आहे, आणि बॅटरी ४०५० एमएएचची, म्हणजे १५-१६ वॅट-तास. कमी वाटते, पण दुसरी बॅटरी खिशात असली तर ३१ झाले आणि बदलायला अर्धा मिनिट. फक्त झाकणाच्या आत जी रबराची रिंग असते तिच्यावर वाळूचा एक कण राहिला तरी ती बसत नाही. म्हणून बॅटरी बदलायची ती साईटच्या ऑफिसात, हात आणि रिंग पुसून, पहाडावर उभं राहून नव्हे. जादा बॅटरी ओरिजिनल मिळतेय का ते मात्र फोन घ्यायच्या आधी बघून ठेवा.

गेल्या महिन्यात दोघं एकत्रच आले होते, भाचा डिलिव्हरी करतो आणि मामा कुपवाडला शेडच्या कामावर मुकादम. मामांचं म्हणणं दोघांनाही सारखाच रगेड फोन घेऊन टाकू. मी म्हटलं मामा, तुम्ही घ्या, तुमचा फोन उंचावरनं पडतो, धुळीत राहतो, हातात मोजे असतात, तुम्हाला तो वसूल होईल. भाच्याला सपाट स्क्रीनचा, ५००० च्या पुढच्या बॅटरीचा १४-१५ हजारांतला साधा फोन, फुगीर कोपऱ्यांचं जाड कव्हर तीनशेचं, टेम्पर्ड दोनशेचा, गाडीवर २ अँपिअरचा चार्जर चारशे-पाचशेचा आणि पावसाळ्यात एक झिपवालं पारदर्शक पाऊच. सगळं मिळून सोळाच्या आसपास, आणि वर्षभरानं बॅटरी कमी पडली तर ती बदलायला कुठंही माणूस मिळतो. मामा मोजे घेऊन दुकानात आले होते हे मला फार आवडलं, डेमो फोनवर आपलेच मोजे घालून टच करून बघितला त्यांनी, कोपऱ्यातले आयकॉन लागत नव्हते ते तिथंच कळलं, मग कॉल बटणावर लावून दिला.

ऑनलाईन बाहेरच्या देशातनं मागवलेल्या रगेड फोनाचं एक शेवटचं, कारण ते विचारणारे वाढलेत. फोटोत ते फार दणकट दिसतात, असतातही. पण आपल्याकडं जिओवर कॉल हा फोर-जी नाहीतर फाईव्ह-जी नेटवरनंच जातो, त्यासाठी फोनात व्होल्टी हवं आणि ते आपल्या कंपनीसाठी चालू झालेलं हवं. नाहीतर नेट चालतं आणि कॉल लागत नाही. फोन नेटवर्कच्या कुठल्या बँडवर चालतो त्यात जिओसाठी बँड ५ आणि बँड ४० आहे का हे बघा, नाहीतर गावाकडं, तासगाव-जतच्या बाजूला गेलात की रेंजचा वांदा होतो. आणि नेमका तोच रगेड फोन, सगळं नीट, पण एकदा खडीवर पडला आणि डिस्प्ले गेला, तर तो डिस्प्ले मुंबई-पुण्याच्या बाजारातही मिळत नाही असं मी पाहिलंय. कॅट नावानं रगेड फोन बनवणारी ब्रिटिश कंपनी बुलिट २०२४ च्या सुरुवातीला बंद पडली, त्यांच्या फोनवाल्यांना पुढच्या अपडेटचा भरवसा उरला नाही. म्हणून कुठलाही फोन घेताना दुकानदाराला ड्रॉप टेस्ट किती मीटरची एवढंच विचारू नका, याचा डिस्प्ले आणि बॅटरी सांगलीत कितीला आणि किती दिवसात बदलून मिळेल ते विचारा, आणि आकडा सांगितला नाही तर दुसऱ्या मॉडेलकडं वळा.